जुगाराची तलफ : पहिली मिनिटे

पैज लावण्याची ओढ एकदम उसळते तेव्हा पुढच्या पाच ते तीस मिनिटांत तिला बळी न पडता ती ओसरू देण्याच्या तीन पद्धती व्यसनोपचारात शिकवल्या जातात : तलफेच्या लाटेवर तरंगणे, निर्णय पुढे ढकलणे आणि मन दुसऱ्या कामात गुंतवणे. त्या पर्याय म्हणून सांगितल्या जात असल्या तरी जुगाराच्या बाबतीत त्यांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी पैसा आणि हात यांच्यात अंतर पाडायचे, मग लाट अंगावर घ्यायची, आणि ती सोसवेनाशी झाली तर हाताला व डोळ्याला काम द्यायचे. क्रम उलटला की तिन्ही पद्धती दुबळ्या पडतात.

लाटेची कल्पना अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जी. ॲलन मार्लॅट यांची. सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी व्यसन सुटल्यानंतर माणूस पुन्हा त्याकडे कसा वळतो याचा अभ्यास केला. ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह त्यांनी संपादित केलेला या विषयावरचा ग्रंथ १९८५ साली निघाला. तलफ चढते, शिखर गाठते आणि तिला खाद्य मिळाले नाही तर आपोआप उतरते, हे त्यांच्या मांडणीचे सार. तलफ लागलेल्या माणसाला मात्र ती पुरी केल्याशिवाय थांबणारच नाही, चढतच जाईल असे वाटते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात वाढलेल्या माणसाला लाटेचे हे वागणे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. मोठी लाट समोरून आली की होडी तिला आडवी ठेवत नाहीत, तोंड लाटेकडे करून तिच्यावर चढवतात. लाटेला अडवणे कोणाच्याच हाती नसते, होडी उलटू न देणे मात्र असते.

जुगाराच्या तलफेला एक घड्याळ असते, आणि तंबाखूच्या तलफेपेक्षा ती इथेच वेगळी पडते. मटक्यात ओपन आणि क्लोज हे दोन आकडे ठरलेल्या वेळी निघतात आणि त्याआधी आकडा घेणे बंद होते. त्यामुळे ‘आता लावला नाही तर गेला’ ही घाई ओढीला जोर देते. वेळ टळली की तीच ओढ पुष्कळदा निम्म्यावर येते. बुकीकडून घेतलेल्या आयडीवर क्रिकेटची पैज लावणाऱ्याच्या वाट्याला हा दिलासा येत नाही. तिथे भाव चेंडूगणिक बदलतो आणि खिडकी कधीच मिटत नाही. तलफ वीस-तीस मिनिटांत ओसरते असे सर्रास सांगितले जाते, पण ते चिथावणी दूर झाली तरच खरे. समोर टीव्हीवर सामना चालू असेल तर प्रत्येक षटक नवी लाट उठवते. वीस षटकांचा एक डाव साधारण दीड तास चालतो, आणि तो पाहत बसून तलफ सोसण्याचा प्रयत्न म्हणजे फुटत्या लाटांच्या रेषेत पाय रोवून उभे राहणे.

दुसरा फरक असा की ही तलफ हिशेबाच्या भाषेत बोलते. दारूची तलफ ‘प्यावेसे वाटते’ असे उघड सांगते. जुगाराची म्हणते, ‘गेलेले रिकव्हर करायचे आहेत, शुक्रवारी हप्ता आहे, मग बंदच.’ ऐकणाऱ्याला हा विचार वाटतो, ओढ वाटत नाही. म्हणून ओळखण्याची खूण शरीरात शोधावी लागते. छाती भरून येते, घसा कोरडा पडतो, श्वास वर-वर चालतो, आणि पुष्कळांचा अंगठा नकळत फोनकडे जातो. खरी आर्थिक अडचण उद्या सकाळीही तेवढीच असते. ‘आत्ताच, याच सामन्यात’ अशी अट घालणारा हिशेब बहुधा तलफेचा असतो.

निर्णय पुढे ढकलणे, म्हणजे दिरंगाई, ही ‘आयुष्यात कधीच नाही’ अशी शपथ नव्हे. शपथेने त्या क्षणी ओझे वाढते. ‘पुढची पंधरा मिनिटे नाही, नंतर पाहू’ एवढेच ठरवायचे असते. पण नुसते मनात ठरवलेले पंधरा मिनिटांचे अंतर टिकत नाही, त्याला काहीतरी आडवे घालावे लागते. फोन दुसऱ्याच्या हाती देणे हे सर्वांत साधे. यूपीआय ॲपमधून बँक खाते आधीच काढून टाकलेले असले तर ते पुन्हा जोडावे लागते, आणि या खटपटीतच मोलाची मिनिटे जातात. खिशात चहापुरतेच पैसे ठेवणे ही मटका खेळणाऱ्यांच्या घरांत चालत आलेली युक्ती याच तत्त्वावर चालते. ही तयारी तलफ नसताना, शांत वेळी करायची असते. तलफेच्या नवव्या मिनिटाला कोणी खाते काढून टाकत नाही.

तीन पद्धती एकत्र कशा चालतात हे एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. रत्नागिरीत होड्यांची इंजिने दुरुस्त करणारा तिशीतला एक कारागीर एकोणीस दिवस पैजेपासून दूर आहे. आज पगार झाला आहे. रात्री ८.४० ला जुन्या मित्राचा निरोप येतो : ‘आजची मॅच पक्की.’ तो स्वतःच्या ओढीला दहापैकी आठ गुण देतो. आकडा देण्याने ओढ कमी होत नाही, पण ती मोजण्याजोगी वस्तू होते. मग तो शेजारच्या खोलीत जाऊन म्हणतो, “दादा, फोन तुझ्याकडे ठेव. मी मागितला तरी उद्या सकाळीच दे.” दादा कारण विचारत नाही, कारण हे आधीच ठरलेले आहे. एव्हाना दोन मिनिटे गेली आहेत.

टीव्हीचा आवाज येत नाही अशा मागच्या पडवीत तो बसतो, पाय जमिनीवर टेकवतो आणि ओढ शरीरात कुठे आहे ते पाहतो. छातीच्या मधोमध मुठीएवढे काहीतरी आवळलेले आहे, तळहात गरम आहेत. आवळण्याची कड कुठे संपते, ते श्वासाबरोबर हलते का, वाढते की सरकते, हे तो मनाशी सांगत राहतो. ‘पाचशेच लावू’ हा विचार आला की त्याच्याशी वाद घालत नाही. ‘हा आला’ एवढी नोंद घेऊन पुन्हा छातीकडे येतो. ८.५० ला ओढ नऊवर जाते. इथेच बहुतेक जण पद्धत फसली असे समजून उठतात. वस्तुतः हे शिखर आहे, आणि ते येणार हे आधी माहीत असणे हीच निम्मी मदत. ८.५८ ला ओढ सहावर येते. ९.१० ला शेजारून सिक्सरचा जल्लोष ऐकू येतो आणि ती पुन्हा सातवर चढते.

दुसऱ्या लाटेसाठी त्याच्यात बसून राहण्याचे बळ उरलेले नाही, आणि त्यात कमीपणा नाही. तो उठून वहिनींनी आणलेली कोळंबी सोलायला घेतो. ९.३० पर्यंत ओढ तीनवर येते. ती शून्यावर येत नाही, आणि यावीच असे नाही.

कोळंबीने काय साधले, याचे उत्तर डेव्हिड कॅव्हनॉ, जॅकी आंद्रादे आणि जॉन मे यांनी २००५ साली मांडलेल्या उपपत्तीत मिळते. तिच्यानुसार तलफेचा प्राण मनातल्या चित्रात असतो. खात्यात जमा झालेली रक्कम, जिंकल्याचा निरोप, मित्रांचे चेहरे यांचे चित्र मन रंगवत जाते आणि ओढ फुगत जाते. पण चित्र धरून ठेवणारी मनाची जागा मर्यादित आहे. ती दुसऱ्या पाहण्या-हाताळण्याच्या कामाने भरली की चित्र फिके पडते. प्रयोगांत यासाठी टेट्रिससारखा ठोकळे रचण्याचा खेळ आणि मातीचे आकार करणे वापरले गेले, आणि काही मिनिटांतच तलफेची तीव्रता कमी झालेली दिसली. जाळे दुरुस्त करणे, भाजी निवडणे, सायकलची साखळी बसवणे ही कामे याच जातीची. गाणी ऐकणे तितके उपयोगी पडत नाही, कारण डोळ्यांची जागा रिकामीच राहते. फोनवर रील पाहणे तर घातकच : हात पैशाच्या दारापाशीच राहतो आणि पुढची जाहिरात कशाची येईल हे आपल्या हाती नसते.

गुंतवणे आणि दाबणे यांत मात्र फरक आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली काही लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले, तर ते अस्वल मनात पुनःपुन्हा आले आणि बंदी उठल्यावर अधिकच आले. ‘मॅचचा विचार करायचा नाही’ असे दात-ओठ खाऊन बजावणारा माणूस हेच ओढवून घेतो. लाटेवर तरंगण्याची पद्धत चुकते तीही बहुधा अशीच : माणूस डोळे मिटून बसतो, पण आतून ओढ घालवण्यासाठी झुंजत असतो. दर मिनिटाला ‘गेली का?’ असा प्रश्न येत असेल आणि जबडा आवळलेला असेल, तर ते दाबणे चालले आहे असे समजावे. दिरंगाई बिघडल्याची खूण वेगळी. पंधरा मिनिटांत मन कोणाकडून पैसे मागायचे याची जुळवाजुळव करू लागले, तर वेळ तलफेच्याच कामी जात आहे, आणि तेव्हा ताबडतोब कोणाशी तरी बोलणे बरे. सर्वांत धोक्याची चूक आत्मविश्वासातून येते : ‘आता जमते मला’ म्हणून मुद्दाम सामना लावून स्वतःची परीक्षा पाहणे.

या पद्धतींचा पुरावा मुख्यतः इतर तलफांवरच्या अभ्यासांतून आला आहे, जुगारावरचा स्वतंत्र पुरावा तोकडा आहे. सेरा बोवेन आणि मार्लॅट यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्या विद्यार्थ्यांना लाटेवर तरंगण्याची पद्धत थोडक्यात शिकवली. पुढच्या सात दिवसांत त्यांनी इतरांपेक्षा कमी सिगारेटी ओढल्या, पण त्यांची तलफ मात्र इतरांपेक्षा कमी झालेली आढळली नाही. हा निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे. तलफ आणि कृती यांच्यातली गाठ सैल होते, तलफ नाहीशी होतेच असे नाही. तीन आठवड्यांनीही ओढ येते म्हणून पद्धत निकामी मानणाऱ्यांनी मोजायची गोष्ट चुकवलेली असते. मोजायचे ते लावलेल्या पैजा.

काही प्रसंगी लाट सोसत बसणे योग्यच नाही. कंपवातासाठी किंवा पाय अस्वस्थ होण्याच्या विकारासाठी प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधे सुरू झाल्यावर जुगाराची अनावर ओढ प्रथमच लागली, तर ती औषधाचा परिणाम असू शकते. गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना तेच सांगावे लागते. जुगाराबरोबर रोजची दारूही सोडली असेल आणि हात कापणे, घाम, भास सुरू झाले, तर ती वैद्यकीय निकड आहे, तरंगून पार करण्याची लाट नव्हे. आणि कर्जाच्या ओझ्याने जीव द्यावासा वाटत असेल, तर त्या रात्री एकट्याने बसू नये. घरातल्या कोणाला तरी जागे करावे आणि टेली-मानस या सरकारी सेवेला १४४१६ वर फोन करावा. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून देशभर मोफत चालते. रत्नागिरीत ब्रिटिश काळापासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे किंवा अन्य मनोविकारतज्ज्ञाकडे जाताना तलफेची वेळ, दिलेले गुण आणि त्याआधी काय घडले होते यांची वहीतली नोंद सोबत न्यावी. ‘८.४०, आठ, पगार, मित्राचा निरोप’ अशा चार-पाच ओळींवरूनही कोणती चिथावणी आधी तोडायची हे तज्ज्ञाला लगेच दिसते.