पाय मुरगळला, पाठ आखडली: बर्फ लावावा की गरम शेक द्यावा?

चाकणच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून तुम्ही कंपनीच्या बसमधून उतरता. खड्ड्याच्या कडेला पाय पडतो, तळपाय आत वळतो आणि घोटा मुरगळतो. खोलीवर पोहोचेपर्यंत बाहेरच्या बाजूला सूज येते. सोबतचा मित्र पाणी तापवतो, पाय शेकून देतो, वर बाम चोळतो. थोडा वेळ बरं वाटतं. दुपारी झोपेतून उठता तेव्हा सूज दुप्पट झालेली असते आणि चप्पलही चढत नाही.

आमच्याकडे असे रुग्ण नेहमी येतात. हेतू चांगला असतो, उपायाची वेळ मात्र चुकलेली असते.

नेमका फरक काय?

घोटा मुरगळतो तेव्हा हाडांना जोडणारे पट्टे (अस्थिबंध) ताणले जातात किंवा थोडे फाटतात. आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटून रक्त आणि पाणी साचू लागतं. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि हे साचणं वाढतं. थंडाव्याने त्या आकसतात आणि वेदना वाहणाऱ्या नसा मंदावतात. म्हणून ताज्या दुखापतीवर थंड शेक द्यावा.

बर्फाने वेदना नक्की कमी होते, पण फाटलेला पट्टा त्यामुळे लवकर जुळतो असं सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे आठवडाभर बर्फ लावत बसण्यात फायदा नाही. पहिले 48 तास, फार तर 72 तास पुरेत.

दिवसभर उभं राहून किंवा वाकून काम केल्याने पाठ, मान, खांदे आखडतात, तेव्हा आत काही फाटलेलं नसतं. स्नायू ताठरलेले असतात. तिथे पहिल्या दिवसापासून गरम शेक चालतो. मात्र क्रिकेट खेळताना किंवा वजन उचलताना स्नायूत अचानक कळ आली आणि जागा सुजली किंवा काळीनिळी पडली, तर तो स्नायू फाटलेला असू शकतो. त्याला मुरगळलेल्या घोट्यासारखंच वागवा.

थंड शेक कसा द्यावा?

प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन मुठी बर्फ आणि थोडं पाणी घाला. हवा काढून गाठ मारा. पिशवी पातळ ओल्या कापडात गुंडाळून घोट्यावर ठेवा. वितळणाऱ्या बर्फाचं तापमान 0 अंश सेल्सिअसच्या आसपास राहतं, त्यामुळे ही घरगुती पिशवी बरीच सुरक्षित असते.

जेल पॅकचं तसं नाही. फ्रीझरमध्ये तापमान शून्याखाली 18 अंशांपर्यंत जातं. तिथून काढलेला पॅक थेट त्वचेवर ठेवला तर त्वचा गोठून फोड येतात. तो पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवून जाड टॉवेलात गुंडाळा. खोलीवर फ्रीज नसेल, तर माठाच्या पाण्यात भिजवलेला टॉवेल दर काही मिनिटांनी बदलत वापरा. परिणाम सौम्य असला तरी आराम पडतो.

एका वेळी 15 मिनिटं ठेवा, 20 च्या पुढे जाऊ नका. पुन्हा लावण्याआधी किमान दोन तास जाऊ द्या. आधी गार लागतं, मग जळजळतं, मग ठणकतं आणि शेवटी बधिर होतं. बधिरपणा आला की वेळ पूर्ण झाली नसली तरी काढा. त्वचा पांढरी किंवा कडक दिसली तर लगेच काढा.

शेक नसेल तेव्हा घोट्याला क्रेप बँडेज बांधा आणि पाय उशीवर उंच ठेवा. बोटं निळसर किंवा बधिर झाली तर बँडेज सैल करा.

गरम शेकावर केव्हा यावं?

दोन-तीन दिवसांनी हाताची मागची बाजू दोन्ही घोट्यांवर ठेवून पाहा. दुखरा घोटा दुसऱ्यापेक्षा गरम लागत नसेल, सूज दिवसभरात वाढली नसेल आणि ठणका जाऊन आखडलेपणा उरला असेल, तर गरम शेक सुरू करा. शेकल्यावर सूज पुन्हा वाढली, तर एक-दोन दिवस थांबा.

शेकाचं पाणी 40 ते 45 अंश असावं. थर्मामीटर नसेल, तर एक तांब्या उकळतं पाणी आणि तीन तांबे नळाचं पाणी एकत्र करा. नळाचं पाणी साधारण 25 अंश असेल, तर मिश्रण 44 च्या जवळ येतं. उन्हाळ्यात टाकीचं पाणी आधीच कोमट असतं, तेव्हा चार तांबे घ्या. मग कोपर बुडवून पाहा. सुखद गरम लागलं पाहिजे, कोपर मागे घ्यावंसं वाटलं तर पाणी जास्त तापलेलं आहे.

त्यात टॉवेल बुडवून, पिळून 15 ते 20 मिनिटं शेका. टॉवेल निवला की पुन्हा बुडवा. दिवसातून दोन-तीन वेळा पुरे. शेकून झाल्यावर घोटा हळूहळू वर-खाली आणि गोल फिरवा. पाठीलाही तेवढाच वेळ शेक द्या आणि मग सावकाश ताण द्या. गरम पाण्याची पिशवी वापरत असाल, तर तीही टॉवेलात गुंडाळा.

सगळ्यात मोठी चूक: शेक ठेवून झोपणं

रात्रपाळीनंतर डोळा लागतोच. 60 अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण सुसह्य वाटणारी 44-45 अंशांची उष्णताही एकाच जागी काही तास राहिली, तर त्वचा खोलवर भाजू शकते. झोपेत बर्फाचा पॅक राहिला तर त्वचा गोठते. म्हणून आडवं होण्याआधी मोबाईलवर 15 मिनिटांचा गजर लावा. इलेक्ट्रिक पिशवी चार्जिंगला लावलेली असताना अंगाशी घेऊ नका. बाम किंवा वेदनेचं मलम लावलेल्या जागी शेक देऊ नका. आंबेहळदीचा लेप ताज्या सुजेवर गरम लावू नका.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावं?

मधुमेहामुळे पाय बधिर असतील किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर त्या पायाला गरम किंवा बर्फाचा शेक स्वतःहून देऊ नका. त्वचा भाजली किंवा गोठली तरी कळत नाही आणि जखम चिघळते. उघडी जखम किंवा पू असेल तिथेही शेक नको. मार लागलेला नसताना एकाच पायाची पोटरी सुजली आणि दुखत असेल, तर शेकू किंवा चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, त्यामुळे त्याच दिवशी तपासून घ्या.

एक्स-रे केव्हा?

दुखापत झाल्यावर आणि नंतरही त्या पायावर चार पावलं टाकता येत नसतील, घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर नेमकं दुखत असेल, किंवा करंगळीच्या रेषेत पायाच्या मध्यावर हाड दुखत असेल, तर हाड मोडलेलं असू शकतं. पाय वाकडा दिसला, बोटं गार किंवा बधिर पडली, तर वेळ घालवू नका. पिंपरीचं वायसीएम रुग्णालय किंवा ईएसआय कार्ड असल्यास चिंचवडच्या मोहननगरमधलं ईएसआय रुग्णालय गाठा. इजा कामावर झाली असेल, तर त्याच पाळीत सुपरवायझरकडे नोंद करून घ्या.

चार पावलं टाकता येत असली, तरी पाच ते सात दिवसांत काहीच उतार पडला नाही तर पुन्हा दाखवा.