मूत्रतपासणी : पट्टी आणि सूक्ष्मदर्शक

मूत्राच्या एकाच नमुन्याची प्रथम रासायनिक पट्टीने व मागाहून सूक्ष्मदर्शकाखाली होणारी परीक्षा. तापवल्यावर साकळणारे मूत्र, अंगावरील सूज आणि मूत्रपिंडाचा विकार यांचा संबंध रिचर्ड ब्राइट याने 1827 मध्ये लंडनात प्रसिद्ध केला. पट्टीवरील प्रथिनाचा चौकोन याच परंपरेतला आहे.

प्रथिन : हा पिवळा चौकोन मुख्यत्वे अल्ब्युमिनमुळे हिरवा होतो. अहवालातील एक अधिकचिन्ह म्हणजे 100 मिलिलिटरमध्ये सुमारे 30 मिलिग्रॅम. परंतु पाणी कमी पिणाऱ्याच्या घट्ट मूत्रात तेच चिन्ह क्षुल्लक, तर पातळ मूत्रात चिंताजनक असू शकते. ज्वर वा अतिश्रमानंतर आढळलेले प्रथिन पुनश्च तपासल्यावाचून रोगाच्या खाती मांडू नये.

रक्त : पट्टी रक्तपेशी ओळखीत नाही, हीम हे द्रव्य ओळखते. त्यामुळे पट्टी गडद आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी नाहीत, असे झाल्यास फुटलेल्या रक्तपेशींचे हीमोग्लोबिन किंवा चिरडलेल्या स्नायूंतील मायोग्लोबिन यांचा संशय घ्यावा. मात्र नमुना दोन तासांहून अधिक पडून राहिला असल्यास पेशी त्यातच फुटतात, हेही विसरू नये. मासिक पाळीतील नमुना निरर्थक.

पांढऱ्या पेशी : अहवालात ‘पस सेल्स’. दर दृष्टिक्षेत्रास पाचांपर्यंत सामान्य मानतात. अधिक असल्यास व सोबत नायट्राइट सापडल्यास जंतुसंसर्ग संभवतो. साध्या कल्चरमध्ये जंतू न वाढता या पेशी टिकून राहिल्यास मूत्रमार्गाचा क्षय शोधावा.

शर्करा, कीटोन : पाहा ‘मधुमेह’.

उदाहरण : घसा दुखून गेल्यावर दोन आठवड्यांनी आठ वर्षांच्या मुलाचे तोंड सुजते व लघवी काळ्या चहासारखी होते. अहवालात प्रथिन दोन अधिक, रक्त तीन अधिक, नायट्राइट नाही, तांबड्या पेशी 40 ते 50, पस सेल्स 8 ते 10. या शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून संसर्गाचे औषध लिहून देणे ही नित्याची चूक होय, कारण मूत्रपिंडातील गाळणीचा दाह झाला तरी पांढऱ्या पेशी येतातच. निर्णायक नोंद बहुधा तळाशी, ‘कास्ट’ या रकान्यात असते : मूत्रनलिकेत प्रथिन साकळून तिच्याच आकाराचा जो साचा बनतो, त्यात तांबड्या पेशी अडकलेल्या दिसल्या, तर रक्त मूत्राशयातले वा खड्याने झालेल्या जखमेतले नसून खुद्द मूत्रपिंडातले आहे. घाईच्या तपासणीत असे साचे निसटतात, म्हणून ‘कास्ट नाहीत’ या शब्दांना निर्वाळा मानू नये. अशा मुलाचा रक्तदाब तत्काळ मोजावा आणि रक्तातील सी-3 हे प्रथिन तपासावे. घटलेले सी-3 साधारणतः सहा ते आठ आठवड्यांत पूर्ववत होते, न झाल्यास निदानाचा फेरविचार करून बहुधा सुईने मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासतात.