काठावरचा थर : हायडेलबर्ग ते माटुंगा

१९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत लुडविग प्रांटल यांनी एक छोटा निबंध वाचला. पाण्याचा चिकटपणा फार कमी, म्हणून जुने गणिती तो हिशेबातून वगळत. मग पाण्यातून एकसारख्या वेगाने जाणाऱ्या वस्तूला विरोधच होत नाही, असे विचित्र उत्तर येई. प्रांटल यांनी दाखवले की चिकटपणाचा सगळा प्रभाव वस्तूला लागून असलेल्या पातळ थरात, म्हणजे सीमास्तरात, एकवटतो.

असाच थर दादरच्या शेजारी, माटुंग्याच्या यूडीसीटीत कामाला लावला गेला. केंब्रिजला डँकवर्ट्स यांच्याकडे पीएचडी करून मनमोहन शर्मा १९६४ मध्ये तिथे प्राध्यापक झाले. त्यांचा विषय होता, वायू द्रवात विरघळून त्याच्याशी रासायनिक क्रिया करतो तेव्हा काय होते हा.

कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात कार्बन डायऑक्साइड शिरतो, असे समजा. आत शिरलेला वायू एकीकडे पसरतो, दुसरीकडे संपत जातो. त्याचे समीकरण असे :

D c″ = k c

c म्हणजे वायूचे प्रमाण, k क्रियेचा वेग आणि D पसरण्याचा गुणांक. D अगदी लहान असतो, सेकंदाला सुमारे ०.००२ चौरस मिलिमीटर. म्हणून तो शून्य धरला, तर c सगळीकडे शून्य होतो. पण पृष्ठभागावर तर वायू c* इतका असतोच. दुसरा विकलज गेला की पृष्ठभागाची अट पाळायला समीकरणात जागाच उरत नाही, आणि वायू शोषला जात नाही असे खोटे उत्तर हाती येते.

D ठेवला तर वायू √(D/k) एवढ्या खोलीत झपाट्याने कमी होतो. k सेकंदाला १० धरला, तर ही खोली मिलिमीटरच्या सुमारे सत्तराव्या भागाइतकी भरते. दर चौरस मीटरमागे शोषणाचा वेग येतो c*√(Dk). यात ढवळण्याचा वेग कुठेच नाही!

याचा उपयोग मोठा आहे. टाकीतल्या हजारो बुडबुड्यांचे एकूण क्षेत्रफळ फूटपट्टीने मोजता येत नाही. पण एकूण शोषण मोजून त्याला c*√(Dk) ने भागले की ते क्षेत्रफळ मिळते. शर्मा आणि डँकवर्ट्स यांनी १९७० मध्ये अशा रासायनिक पद्धतींचा सविस्तर आढावा लिहिला.

मात्र थर खरोखर पातळ हवा. ढवळण्यामुळे पृष्ठभागावरचे द्रावण क्रिया पुरी होण्याआधीच बदलू लागले, किंवा तिथला सोडा संपत आला, तर सूत्र फसते. ते ओळखायचे कसे? सपाट, ठाऊक क्षेत्रफळाच्या भांड्यात पृष्ठभाग न फोडता ढवळणे थोडे वाढवून पाहायचे. शोषणाचा वेग तोच राहिला, तर थरावर भरवसा ठेवता येतो. वेग वाढला, तर त्या द्रावणाने बुडबुड्यांचे क्षेत्रफळ मोजू नये.