स्फटिक प्रणाली व बाह्य आकार : ॲपोफिलाइट

खनिजाच्या स्फटिकाचा बाह्य आकार आतील अणुरचनेच्या सममितीनुसार घडतो. सममितीने एकसारख्या असलेल्या दिशांना सारखीच पृष्ठे येतात आणि त्यांचे गुणधर्मही सारखेच असतात. दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत मिळणारे ॲपोफिलाइट पुष्कळदा कोपरे छाटलेल्या घनासारखे दिसते, पण ते चतुष्कोणीय प्रणालीत मोडते. घनाच्या कर्णाभोवती १२० अंश फिरवले तर घन तसाच दिसतो, कारण त्याची सहाही पृष्ठे समान असतात. ॲपोफिलाइटमध्ये तसे होत नाही. त्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवर मोत्यासारखी चमक असते व पाटनही त्यांनाच समांतर असते. बाजूची चार पृष्ठे काचेसारखी चमकतात व त्यांवर उभ्या रेषा असतात. म्हणजे ९० अंशांच्या वळणाची समानता फक्त उभ्या अक्षाभोवती आहे.

पृष्ठ मोठे की लहान, हे वाढीच्या वेगावर ठरते. त्यामुळे नुसत्या आकाराने फसगत होते. कोन मात्र बदलत नाहीत, हे स्टेनोने १६६९ मध्ये दाखवले. कोपऱ्यावरील पृष्ठ आणि वरचे पृष्ठ यांच्या लंबांमधील कोन ॲपोफिलाइटमध्ये सुमारे ६० अंश भरतो. घनावरील अष्टफलकाच्या पृष्ठासाठी तो ५४.७ अंश असतो. पृष्ठे झिजलेली असतील, तर पाटनाची दिशाच पाहावी.