तळटीप : ‘मी या पदास पात्र नाही’

बहमनी अमलात बीदरचा वजीर महमूद गावान याने हेरातच्या कवी जामीला पत्राने बोलावले आणि जामीने नम्रपणे नकार कळवला. तिथे प्रश्न दरबारी येण्याचा होता. काझीपद नाकारणाऱ्या पत्रांत मात्र अपात्रतेची कबुली हमखास येते, आणि ती केवळ विनय म्हणून वाचू नये.

काझी झालेला माणूस सुरीविनाच कापला गेला, अशा आशयाचे प्रेषितवचन विद्वानांच्या मनात असे. चुकीच्या निवाड्याचा जाब परलोकात स्वतःलाच द्यावा लागणार. शिवाय पगार सुलतानाच्या खजिन्यातून, आणि त्यात अन्यायाने वसूल केलेला पैसाही असण्याची शंका.

या नकाराचा मूळ नमुना आठव्या शतकातील बगदादचा. खलिफा मन्सूरने काझीपद देऊ केले तेव्हा अबू हनीफांनी आपण अपात्र असल्याचे सांगितले. तुम्ही खोटे बोलता, असे खलिफा त्यांना म्हणाला. मग खोटारड्याला काझी कसे नेमता, असे त्यांनी विचारले, अशी परंपरागत कथा आहे. त्यांना कैद झाली. ७६७ मध्ये ते वारले. त्यांचेच शिष्य अबू युसुफ पुढे हारून अल-रशीदचे मुख्य काझी झाले.

पुढे चरित्रकारांनी असा नकार साधुत्वाची खूण मानला, त्यामुळे तो साच्यातलाही होऊ लागला. म्हणून पत्रलेखकाने नंतर दुसरे सरकारी पद किंवा इनाम घेतले का, हे आधी तपासावे.