टीव्हीवर पडद्याच्या कडा कुठे जातात?

१/४ लॅपटॉपचा पडदा बिनतारी टीव्हीवर उमटतो. पण टास्कबार अर्धा कापला जातो, अक्षरे पुसट होतात. या दोषाचे मूळ काचेच्या नळीच्या टीव्हीत आहे.

२/४ त्या नळीत वीजदाब बदलला की चित्राचा आकारही बदले. म्हणून चित्र थोडे मोठे करून कडा चौकटीआड लपवीत. हाच ओव्हरस्कॅन.

३/४ नळी गेली, रीत उरली. २०१२ साली आलेले मिराकास्ट पडदा व्हिडिओ म्हणूनच पाठवते. १९२० × १०८० ठिपक्यांचे चित्र टीव्हीने ५ टक्के वाढवले, तर वरखाली मिळून सुमारे ५१ ओळी लुप्त होतात. ठिपक्यावर ठिपका न बसल्याने धारही जाते.

४/४ टीव्हीच्या चित्र-मापात ‘Just Scan’ किंवा ‘Screen Fit’ निवडावे. लॅपटॉप १६:१० असल्यास बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. मूळ प्रमाण त्यांच्यामुळेच टिकते.