केदारनाथ हेलिकॉप्टरचे बनावट बुकिंग: पैसे भरण्यापूर्वी कसे ओळखावे?

केदारनाथला जाणाऱ्या हेलिकॉप्टरची तिकिटे heliyatra.irctc.co.in या एकाच संकेतस्थळावर मिळतात. २०२३ पासून हे काम आयआरसीटीसीकडे आहे. गुप्तकाशी, फाटा आणि सिरसी या तीन ठिकाणांहून उड्डाणे होतात, पण जागा मोजक्या असल्याने बुकिंग उघडताच त्या संपतात. ठगांचे काम नेमके इथून सुरू होते. ‘जागा शिल्लक’ अशी जाहिरात दिसली की दोन दिवस हात हलवत बसलेला माणूस हरखून जातो.

हा प्रकार कसा घडतो, ते नाशिकच्या एका काल्पनिक कुटुंबाच्या उदाहरणावरून पाहू. फेसबुकवरच्या जाहिरातीतून ते एका संकेतस्थळावर पोहोचतात. तिथे मंदिराचे छायाचित्र आहे, आयआरसीटीसीचे बोधचिन्ह आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपचे बटणही आहे. चौघांचे जाऊन-येऊन २४,००० रुपये सांगितले जातात. २०२५ च्या हंगामाच्या सुरुवातीला फाट्याहून माणशी सुमारे ६,००० रुपयेच भाडे होते, त्यामुळे दर संशयास्पद वाटत नाही. आधी फक्त ६,००० रुपये आगाऊ मागतात. ते भरल्यावर ‘अर्ध्या तासात उरलेले भरा, नाहीतर जागा जाईल’ असा निरोप येतो. पुढे ‘परत मिळणारा विमा’ म्हणून आणखी ८,०००. शेवटी क्यूआर कोड छापलेली चार तिकिटे येतात आणि समोरचा नंबर बंद होतो. तिकिटे खोटी असल्याचे फाट्याच्या हेलिपॅडवर कळते.

या व्यवहारात थांबण्याच्या तीन जागा होत्या.

पहिली जागा म्हणजे नोंदणी क्रमांक. चारधाम यात्रेसाठी उत्तराखंड सरकारच्या registrationandtouristcare.uk.gov.in वर आधी नोंदणी करावी लागते आणि तो क्रमांक दिल्याशिवाय अधिकृत हेलिकॉप्टर बुकिंग पुढे सरकत नाही. जो विक्रेता नुसती नावे, वय आणि आधारचा फोटो मागतो, तो खऱ्या यंत्रणेत बुकिंग करतच नाही. उलट, आधारची प्रत मात्र त्याच्याकडे राहते.

दुसरी जागा पत्त्याची. संकेतस्थळाचा पत्ता उजवीकडून वाचावा. `https://` नंतर येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेषेच्या लगेच आधी `irctc.co.in` असायला हवे. heliyatra आणि irctc हे शब्द पत्त्यात कुठेतरी असणे पुरेसे नाही. मध्ये टिंबाऐवजी आडवी रेघ आली की तो वेगळ्याच मालकाचा पत्ता होतो. कुलपाचे चिन्ह बनावट संकेतस्थळावरही दिसते आणि गुगलवर सर्वांत वर दिसणारी ‘प्रायोजित’ नोंद ही पैसे देऊन केलेली जाहिरात असते. तेव्हा पत्ता शोधण्यापेक्षा स्वतः टाइप केलेला बरा. सोमनाथच्या अतिथिगृहांसाठीही हेच: बुकिंग ट्रस्टच्या somnath.org वर होते.

तिसरी जागा सर्वांत उपयोगी, कारण ती कोणत्याही पॅकेजला लागू पडते. यूपीआयने पैसे पाठवताना पिन टाकण्याआधी घेणाऱ्याचे बँकेतले नाव दिसते. संस्थेचे नाव अपेक्षित असताना भलत्याच व्यक्तीचे नाव आले, तर ‘आमच्या अकाउंटंटचे खाते आहे’ हे उत्तर मान्य करू नये. टूर कंपनीकडे जीएसटी क्रमांक मागावा आणि services.gst.gov.in वर लॉगिन न करता तो तपासावा. तिथे व्यवसायाचे नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे दिसते. क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७ आणि उत्तराखंडचे ०५. मात्र ठग दुसऱ्या खऱ्या कंपनीचा क्रमांकही चिकटवतात. म्हणून तिथले नाव, पावतीवरचे नाव आणि पैसे घेणारे नाव ही तिन्ही जुळायला हवीत. लहान, प्रामाणिक टूरवाल्याकडे जीएसटी नसूही शकतो. अशा वेळी थेट हॉटेलला फोन करून आपल्या नावाने खोली ठेवली आहे का, हे विचारावे; फोन नंबर मात्र टूरवाल्याकडून घेऊ नये.

पैसे गेलेच, तर तातडीने १९३० वर फोन करावा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, रक्कम, वेळ आणि घेणाऱ्याचा यूपीआय आयडी हाताशी ठेवावा. रक्कम पुढच्या खात्यांत वळती होण्याआधी तक्रार पोहोचली, तरच ती गोठवता येते. अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाला संरक्षण देणारा रिझर्व्ह बँकेचा नियम इथे सहसा कामी येत नाही, कारण पिन ग्राहकाने स्वतः टाकलेला असतो. नंतर ‘परतावा देतो, हा कोड स्कॅन करा’ असा फोन आला, तर तोही त्याच टोळीचा समजावा. यूपीआयवर पैसे मिळण्यासाठी पिन लागत नाही.